एचआरकडून आलेला ऑटो रिप्लाय म्हणजे "हो, वेबसाईट आमचीच" असं नसतं

प्रश्न: माझ्या लहान भावाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. अंबडच्या एका मोठ्या कंपनीच्या नावाची भरतीची वेबसाईट व्हॉट्सॲपवर आली, ट्रेनी इंजिनिअरची जागा आहे. त्याने फॉर्म भरला, आता 2,650 रुपये रिफंडेबल डिपॉझिट मागतायत, उद्या संध्याकाळी पाचच्या आत. मी कंपनीच्या एचआरला ईमेल करून विचारलं की ही वेबसाईट खरी आहे का, तर "तुमचा अर्ज मिळाला, धन्यवाद" असं उत्तर आलं. मग खरी समजायची का? भाऊ पैसे भरायला बसलाय.

उत्तर:

ताई, आधी भावाच्या हातातला मोबाईल घ्या, मग बाकीचं वाचा. तुमच्या मेलला अजून कोणीही उत्तर दिलेलं नाही. जे आलं ते मशीनने पाठवलंय.

मी सातपूर आणि अंबडमध्ये मिळून एकोणीस वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बरीचशी टाइम ऑफिसच्या शेजारच्या केबिनमध्ये, त्यामुळे तुमचा मेल पलीकडे कुठे जाऊन पडला असेल ते मला इथे बसून दिसतंय. भरतीसाठी कंपनीचा जो ईमेल आयडी असतो ना, careers किंवा hr असं काहीतरी नाव असलेला, त्याला एक सेटिंग करून ठेवलेलं असतं की कुठलाही मेल आला की लगेच "अर्ज मिळाला, धन्यवाद" जाऊ दे. तुम्ही भाजीची यादी पाठवली असती तरी तेच उत्तर आलं असतं. आणि मला खात्री आहे तुम्ही सोबत भावाचा बायोडाटा जोडला असणार, सगळेच जोडतात, वाटतं की माहिती पूर्ण गेलेली बरी. पण बायोडाटा जोडलेला मेल आमच्या दृष्टीने अर्ज असतो, तो अर्जांच्या ढिगात जातो आणि तो ढीग जागा निघाल्यावरच उपसला जातो.

एक गोष्ट मात्र आत्ताच तपासा. ज्या आयडीवर तुम्ही मेल केला तो आयडी तुम्हाला मिळाला कुठून? त्या वेबसाईटच्याच "संपर्क" पानावरून घेतला असेल तर तुम्ही चोरालाच विचारलंय की बाबा रे तू चोर आहेस का, आणि मग तो ऑटो रिप्लायसुद्धा त्यानेच लावलेला असू शकतो.

आमच्या कंपनीच्या नावाने असा प्रकार झाला तेव्हाचं सांगतो, म्हणजे मेल कसा लिहायचा ते आपोआप कळेल. एकाच आठवड्यात आम्हाला एकाच वेबसाईटबद्दल दोन मेल आले होते. पहिला एका मुलाचा, विषयात फक्त "अर्जंट", आत "सर ही साईट रिअल आहे का प्लीज रिप्लाय", खाली लिंक आणि बायोडाटा. तो मेल आम्ही अकरा दिवसांनी वाचला, तोपर्यंत त्याने दोनदा पैसे भरले होते, आधी डिपॉझिट आणि मग "मेडिकल". दुसरा मेल सिन्नरच्या एका मुलीचा. विषयातच लिहिलं होतं की तुमच्या नावाने अमुक वेबसाईट पैसे मागतेय, ती तुमची आहे का. आत तीन प्रश्न, त्यांची उत्तरं फक्त हो किंवा नाही. बायोडाटा नाही. तो मेल बघितल्यावर माझ्या सहकाऱ्याने चहा अर्धा टाकून आयटीवाल्याला फोन लावला आणि तासाभरात तिला उत्तर गेलं. दोघांची चिंता एकच होती, फरक एवढाच की दुसऱ्या मेलला उत्तर द्यायला आम्हाला डोकं खाजवावं लागलं नाही.

तर नवीन मेल करा, जुन्यालाच रिप्लाय करू नका. पत्ता कुठून घ्यायचा? कंपनीची मुख्य वेबसाईट, जिथे ते मशीनं, पार्ट वगैरे काय बनवतात ते दाखवतात, तिचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. गुगलवर शोधून सगळ्यात वरची लिंक दाबू नका कारण वरती पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. पत्ताच माहीत नसेल तर कॉलनीत कोणी त्या कंपनीत असेल त्याच्याकडून कंपनीचं जुनं पत्र किंवा बिल बघा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे कंपनीच्या लेटरहेडवर रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता, सीआयएन नंबर, फोन, ईमेल आणि वेबसाईट असेल तर तीही छापावी लागते. (सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, पण तो बघून ऑफर लेटर खरं मानू नका हां, तो कोणालाही कॉपी करता येतो.)

आणि माझी एक युक्ती. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर तिच्या वेबसाईटवर गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी वेगळा ईमेल आणि कंपनी सेक्रेटरीचं नाव असतंच, द्यावंच लागतं. मेल एचआरला करा आणि सीसीमध्ये तो आयडी टाका. ते काम त्यांचं नाही हे मान्य, पण तो इनबॉक्स रोज माणूस उघडतो, आणि कंपनीच्या नावाने कोणी पैसे गोळा करतंय म्हटल्यावर ते लोक मेल पुढे ढकलल्याशिवाय राहत नाहीत. आमच्याकडे सिन्नरच्या मुलीचा मेल लवकर दिसला त्यात सीसीचाही हात होता.

आता मेल. खरी नावं इथे टाकत नाही, तुमच्या कंपनीची साईट example.com आणि संशयाची साईट example-careers.in आहे असं समजून लिहितो. मराठीत लिहिलं तरी नाशिकच्या प्लांटमध्ये वाचतात, हेड ऑफिस महाराष्ट्राबाहेर असेल तर कोणाकडून तरी इंग्रजीत करून घ्या.

> विषय: तुमच्या नावाने भरती करणारी वेबसाईट example-careers[.]in तुमची आहे का? 2,650 रुपये मागत आहेत
>
> नमस्कार,
>
> हा नोकरीचा अर्ज नाही, खात्री करण्यासाठी लिहीत आहे.
>
> अमुक तारखेला व्हॉट्सॲपवर example-careers[.]in या वेबसाईटची लिंक आली. त्यावर तुमच्या अंबड प्लांटसाठी ट्रेनी इंजिनिअर (मेकॅनिकल) ही जागा दाखवली आहे. फॉर्म भरल्यावर 2,650 रुपये डिपॉझिट उद्या संध्याकाळी 5 पर्यंत यूपीआयने भरायला सांगितलं आहे.
>
> कृपया एवढंच कळवा:
> 1. ही वेबसाईट तुमची, किंवा तुमच्या वतीने कुठल्या एजन्सीने अथवा कॉन्ट्रॅक्टरने चालवलेली आहे का?
> 2. ही जागा सध्या खरोखर आहे का?
> 3. तुम्ही किंवा तुमची एजन्सी उमेदवारांकडून कुठलीही रक्कम घेता का?
>
> वेबसाईटचा, मेसेजचा आणि पैसे मागितलेल्या यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट खाली दिला आहे. आणखी माहिती हवी असेल तर पाठवते.
>
> नाव, मोबाईल नंबर

यात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्यात. विषयात वेबसाईटचं नाव आणि रक्कम आहे कारण एचआरवाला फक्त विषय वाचून ठरवतो की हे आत्ता उघडायचं की नंतर. "हा अर्ज नाही" हे पहिलंच वाक्य आहे ते ढिगात जाऊ नये म्हणून. आणि लिंकमध्ये टिंबाच्या जागी [.] टाकलंय, ती टायपिंगची चूक नाही. कंपन्यांच्या मेलवर फिल्टर असतात, संशयास्पद साईटची चालू लिंक मेलमध्ये दिसली की फिल्टर अख्खा मेलच अडकवून ठेवतं आणि एचआरला तो दिसतच नाही. असं टिंब कंसात टाकलं की ती लिंक राहत नाही, नुसता मजकूर राहतो, आयटीवाल्यांना ही पद्धत बरोबर कळते आणि चुकून कोणाचं बोटही पडत नाही. तसंच झिप फाईल किंवा त्यांनी पाठवलेलं ॲप जोडू नका, स्क्रीनशॉट साधे चित्र म्हणून मेलच्या आतच चिकटवा. आधार, पॅन, पासबुक, मार्कशीट यातलं काहीही पाठवायचं नाही, या प्रश्नाला त्यातलं काही लागत नाही. आणि "तुमची कंपनी फसवतेय" असला सूर नको, नाहीतर मेल लीगलकडे जातो आणि लीगलकडे गेलेला मेल म्हणजे समजून घ्या.

पहिल्या प्रश्नात "तुमच्या वतीने" हे शब्द आहेत ते सगळ्यात महत्त्वाचे. लोक सांगतात की कंपनीच्या साईटपेक्षा वेगळा पत्ता दिसला की ती फेक, पण ते पूर्ण खरं नाही. मोठ्या कंपन्या भरतीचं सॉफ्टवेअर बाहेरून घेतात आणि मग अर्जाचं पान अशा पत्त्यावर उघडतं:

```
example.wd3.myworkdayjobs.com
example.darwinbox.in
```

हे दोन्ही प्रकार खऱ्या भरतीत रोज दिसतात. पत्ता वाचायचा तो उजवीकडून, https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घ्यायचा, त्यातलं शेवटचं .com, .in किंवा .co.in आणि त्याला चिकटून डावीकडे जे नाव असेल तोच खरा मालक. म्हणजे `careers.example.com` चा मालक example.com, पण `example-careers.in` चा मालक example.com असेलच असं नाही, मधे टिंब नसून छोटी आडवी रेघ आहे, ते पूर्ण वेगळं नाव आहे आणि कोणीही हजाराच्या आत पैसे टाकून घेऊ शकतं. वरच्या myworkdayjobs मध्ये मालक वर्कडे नावाची सॉफ्टवेअर कंपनी आहे, मग ते पान तुमच्या कंपनीचंच आहे का हे कळायला एकच सरळ रस्ता, कंपनीच्या मुख्य साईटवर जाऊन तिथलं करिअर्सचं बटण दाबायचं आणि ते तुम्हाला त्याच पत्त्यावर नेतं का बघायचं. नेत असेल तर ठीक. तुमच्या केसमध्ये मला वाटतं नेणार नाही, पण करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

ॲड्रेस बारमधल्या कुलपावर जाऊ नका. कुलूप असलं म्हणजे तुमच्या आणि त्या साईटच्या मधे कोणी वाचू शकत नाही एवढंच, साईट चालवणारा कोण आहे त्याचं ते प्रमाणपत्र नाही, आणि कुलूप फुकटात मिळतं. त्यापेक्षा साईटचं वय जास्त सांगून जातं. lookup.icann.org वर नाव टाकलं की ते कधी रजिस्टर झालं ती तारीख दिसते (मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं). चाळीस वर्षं जुनी कंपनी आणि भरतीची साईट तीन आठवड्यांपूर्वीची, हे बघितलं की माझ्या कपाळावर आठी येते. पण जुनी तारीख म्हणजे खरी असंही नाही, जुनी नावं विकत मिळतात.

आणि आपल्याकडे तिसरी भानगड असते ती कॉन्ट्रॅक्टरची. अंबड-सातपूरमध्ये कितीतरी ट्रेनी आणि ऑपरेटर कंपनीच्या पेरोलवर नसतातच, लेबर कॉन्ट्रॅक्टरमार्फत येतात आणि हे कॉन्ट्रॅक्टर आपल्या साईटवर बिनधास्त कंपनीचं नाव आणि लोगो टाकून मोकळे होतात. सिन्नरच्या मुलीच्या बाबतीत गंमत अशी झाली की आम्ही तिला "साईट आमची नाही" असं कळवलं, मग दुसऱ्या दिवशी कळलं की साईट आमच्याच एका कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने परस्पर बनवली होती. जागा खरी होती! फक्त पैसे घ्यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, ते त्याचं स्वतःचं दुकान. म्हणून तिसरा प्रश्न वेगळा विचारायचा. साईट खरी निघाली तरी पैसे मागणारा खरा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. मी इतक्या वर्षांत कुठल्याही उमेदवाराकडून आमच्या कंपनीच्या खात्यात भरतीसाठी एक रुपया जमा झालेला पाहिला नाही, युनिफॉर्म, मेडिकल, ट्रेनिंग कशाहीसाठी नाही. डिपॉझिट "रिफंडेबल" आहे म्हणून सांगतात ते तर फक्त माणसाचा हात सैल व्हावा म्हणून.

उत्तर आलं की ते कसं वाचायचं. नाव काय दिसतंय ते सोडा, नावावर बोट ठेवून @ च्या पुढे काय आहे ते बघा, ते कंपनीच्या मुख्य साईटचंच नाव पाहिजे. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं तर तीन टिंबांत Show original असतं, तिथे SPF, DKIM आणि मुख्य म्हणजे DMARC पुढे PASS दिसलं तर मेल खरंच त्या नावावरून निघालाय एवढं त्याने कळतं. पण चोराच्या स्वतःच्या साईटवरून आलेला मेलही PASSच दाखवतो, त्यामुळे आधी नाव बघायचं आणि मग PASS. आणि तुम्ही एचआरला मेल केल्यावर दुसऱ्याच कुठल्या आयडीवरून किंवा व्हॉट्सॲपवर "आम्ही एचआर, तुमचा मेल मिळाला, साईट आमचीच आहे" असा मेसेज आला तर तो उत्तर म्हणून धरू नका. भावाचा नंबर त्या फॉर्ममध्ये गेलाय, ते लोक पैसे येईपर्यंत असे दोन-चार प्रयोग करतात.

सरळ "नाही" आलं तर विषय संपला. "आम्ही फक्त आमच्या वेबसाईटवरूनच अर्ज घेतो" एवढंच आलं तर त्याला कंपन्यांच्या भाषेतलं "नाही" समजा, लेखी "ती साईट फेक आहे" म्हणायला लोक कचरतात. "हो" आलं तर त्यात तुम्ही लिहिलेल्या साईटचं नाव आहे का बघा, नसेल तर पुन्हा एकदा नाव टाकून विचारा, कारण घाईत माणूस प्रश्न न वाचता "हो, भरती सुरू आहे" असं लिहून मोकळा होतो, मीही लिहिलंय.

आणि उत्तरच आलं नाही तर? हे जास्त शक्य आहे, उद्या पाचच्या आत तर फारच. गप्प बसणं म्हणजे होकार नाही एवढं धरून ठेवा. पण तुम्ही सिडकोत राहता, अंबड एमआयडीसी काय लांब आहे, हा तुमचा मोठा फायदा, बीड-परभणीच्या मुलांना हे जमत नाही. मेलची प्रिंट घ्या, सकाळी दहा-साडेदहाला कंपनीच्या गेटवर जा, शिफ्ट सुटायच्या वेळी नको, तेव्हा सिक्युरिटीवाला कोणाचं ऐकत नाही. "नोकरीसाठी आलोय" म्हणू नका, ते बायोडाटा घेऊन ठेवतील आणि परत पाठवतील. म्हणायचं, "तुमच्या कंपनीच्या नावाने कोणीतरी पैसे मागतंय, टाइम ऑफिसला किंवा एचआरला दोन मिनिटं दाखवायचंय." सिक्युरिटीवाला इंटरकॉम उचलतोच. एक अडचण सांगून ठेवतो, इंजिनिअर लेव्हलची भरती काही कंपन्यांत हेड ऑफिस करतं, प्लांटच्या एचआरला पत्ता नसतो, मग ते म्हणतील "आम्हाला माहीत नाही". त्याचा अर्थ फेक असा नाही आणि खरी असाही नाही, तेव्हा त्यांच्याकडूनच हेड ऑफिसच्या माणसाचा ईमेल मागून घ्या, समोर उभ्या असलेल्या माणसाला सहसा देतात.

शेवटी भावाने फॉर्ममध्ये काय काय दिलं ते त्याला शांतपणे विचारा, रागावलात तर लपवेल. नाव-नंबर गेला असेल तर फार काही नाही, फोन येत राहतील. आधारचा फोटो गेला असेल तर यूआयडीएआयच्या ॲपमधून किंवा साईटवरून बायोमेट्रिक लॉक करून टाका, फुकट आहे. मोबाईलमध्ये त्यांनी दिलेलं ॲप टाकलं असेल तर आधी नेट बंद, मग ॲप काढा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला. आणि तुम्ही हे वाचेपर्यंत पैसे गेलेच असतील तर मेल-बिल सगळं बाजूला ठेवून आधी 1930 ला फोन, व्यवहाराचा नंबर हातात ठेवून, जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त, नंतर cybercrime.gov.in वर तक्रार. पैसे गेले नसतील तरी तो व्हॉट्सॲप नंबर संचार साथीच्या साईटवर चक्षू म्हणून आहे तिथे कळवता येतो.

तेव्हा आत्ता रात्री मेल, सकाळी गेट. पाच वाजले की ते लोक बहुतेक "तुमच्यासाठी मुदत वाढवली" असा फोन करतील, तो फोन आला तर इथे लिहा. आणि एचआरचं उत्तर आलं की तेही टाका, फक्त नंबर आणि नाव झाकून, म्हणजे नक्की काय म्हटलंय ते वाचून सांगतो.